बिलातले बहात्तर हजार

काम संपतं, बिल हातात पडतं आणि दुकानदार ठेकेदाराला फोन लावतो. "अहो दादा, आपलं चार लाखांत ठरलं होतं ना? मग खाली चार लाख बहात्तर हजार कुठून आले?" ठेकेदाराचं उत्तर तयार असतं. "काका, वरचे बहात्तर हजार जीएसटीचे. ते तुम्हाला इनपुटमध्ये मिळून जातील." काकांचं समाधान होतं, चेक निघतो. कुरबुर सुरू होते पुढच्या महिन्यात, कर सल्लागार विवरणपत्र भरायला बसतो तेव्हा. कारण "मिळून जातील" हे ठेकेदाराचे शब्द अर्धेच खरे असतात आणि किती खरे हे त्याच्या नव्हे, काकांच्या धंद्यावर ठरतं.

हे समजून घ्यायला एक बिल समोर ठेवू. सांगलीतलं एक दुकान आहे. पुस्तकं, वह्या, पेनं, दप्तरं, ऑफिसची स्टेशनरी असा माल. दुकानाचं नूतनीकरण करून घेतलं. ठेकेदाराच्या बिलात तीन ओळी आहेत. सुटे रॅक आणि काउंटर २ लाख रुपये. दुकानातल्या फरशा, फॉल्स सीलिंग आणि नवी आडभिंत, मजुरी-मालासकट दीड लाख. मागच्या जुन्या गोदामाची रंगरंगोटी ५० हजार. बेरीज ४ लाख. तिन्हीवर १८ टक्के, म्हणजे ७२ हजार कर. ठेकेदार, दुकान आणि काम सगळं महाराष्ट्रातच, म्हणून तो ३६ हजार केंद्राचा आणि ३६ हजार राज्याचा असा विभागून दाखवला आहे. एकूण ४ लाख ७२ हजार.

आधी काकांचा पहिला प्रश्न. कर वेगळा कशाला दाखवायचा? एकच आकडा लिहिला असता तर?

कायदाच तसं सांगतो. केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ मधलं कलम ३३ म्हणतं की, जिथे कर वसूल होतो तिथे किंमतीचा भाग असलेला तो कर बिलावर ठळकपणे दाखवला पाहिजे. पण नियमामागचं कारण व्यवहाराचं आहे. ७२ हजार ही ठेकेदाराची कमाई नाही. ती त्याच्या हातून सरकारकडे जाणारी रक्कम आहे. त्याने या कामासाठी प्लायवूड, लॅमिनेट, रंग, फरशा विकत घेतल्या तेव्हा समजा ४० हजार कर आधीच भरला होता. तो वजा करून उरलेले ३२ हजार तो सरकारला भरतो. जसं त्याने ४० हजार वजा केले, तसं पुढच्या टप्प्यावर काकांनाही वजा करायचे आहेत. त्यासाठी मागच्या माणसाने नेमका किती कर लावला हे कागदावर दिसायला हवं. एकच आकडा लिहिलेल्या बिलावरून वजावट घेता येत नाही.

वेगळ्या ओळीचा आणखी एक फायदा आहे आणि तो काकांच्या लक्षात सहसा येत नाही. जे ग्राहक ठेकेदाराचं बिल देताना आयकराचा टीडीएस कापतात, त्यांनी तो ४ लाखांवर कापायचा, ४ लाख ७२ हजारांवर नाही. जुलै २०१७ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं. अट एकच, करारात आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असावा.

आता खरा प्रश्न. यातलं काकांना काय मिळणार?

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. "मिळणार" म्हणजे बँकेत जमा होणार असं नाही. काकांच्या नावाने जीएसटी पोर्टलवर एक क्रेडिट खातं असतं. मान्य झालेला कर त्यात जमा होतो आणि काका ग्राहकांकडून पेनं-दप्तरांवर जो कर गोळा करतात तो भरताना तिथून वळता होतो. महिन्याला दहा हजार भरावे लागत असतील आणि खात्यात पंधरा हजार असतील तर खिशातून काही जात नाही आणि पाच हजार पुढच्या महिन्यासाठी उरतात. "परत कधी येणार?" असं विचारणाऱ्याला हे सांगितलं की त्याचा चेहरा पडतो, पण ही व्यवस्था तशीच आहे.

या खात्यात शिरण्याआधी बिलाला तपासणीचे दोन टप्पे ओलांडावे लागतात. पहिला कागदाचा आणि पोर्टलचा. बिलावर काकांचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक अचूक हवा. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने, आणि त्यापुढे दहा अक्षरी पॅन असतो. ठेकेदार पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आपली विक्री पोर्टलवर चढवतो आणि १४ तारखेला काकांच्या खात्यात एक यादी तयार होते, जिला सगळे नुसतं 'टू-बी' म्हणतात. बिल टू-बीत दिसलं नाही तर वजावट नाही, जानेवारी २०२२ पासून हा नियम आहे. ठेकेदाराने काकांचा क्रमांक न टाकता किरकोळ ग्राहक म्हणून नोंद केली, किंवा एखादं अक्षर चुकवलं, तर पक्कं बिल हातात असूनही टू-बी कोरी राहते. ठेकेदार तिमाही विवरण भरणारा असेल तर बिल काही वेळा तिमाही संपल्यावरच उमटतं, तेव्हा पहिल्याच महिन्यात घाबरून जायचं कारण नाही. चूक मात्र असेल तर ती ठेकेदारालाच दुरुस्त करावी लागते. काकांच्या हातात फक्त पाठपुरावा आहे, म्हणूनच शेवटचा चेक देण्याआधी टू-बी पाहून घ्यावी. नंतर फोन उचलला जाईलच असं नाही.

दुसरा टप्पा अधिक अवघड, कारण तिथे पोर्टल मदत करत नाही. टू-बीत काकांच्या बिलाचे पूर्ण ७२ हजार 'उपलब्ध' या रकान्यात दिसतील. संगणकाला एवढंच कळतं की अमुक ठेकेदाराने अमुक दुकानदाराला अमुक कर लावला. ते पैसे कशासाठी खर्च झाले हे त्याला माहीत नसतं. कायद्यात मात्र सगळा भर 'कशासाठी' यावरच आहे.

कलम १७ च्या पाचव्या पोटकलमात काही खर्चांची यादी आहे, ज्यांवरचा कर भरला तरी त्याची वजावट मिळत नाही. साधारणपणे तेरा किंवा त्याहून कमी आसनांची प्रवासी गाडी, जेवणखाण, क्लबची वर्गणी, भेट म्हणून दिलेला माल. हे सगळं खासगी उपभोगाकडे झुकणारं आहे, म्हणून अडवलं असावं, असं म्हणता येईल. पण त्याच यादीत स्थावर मालमत्तेचं बांधकामही बसवलं आहे. दुकान बांधायला, वाढवायला किंवा त्यात फेरफार करायला घेतलेल्या कामावरचा कर अडतो. एखादा दुकानदार धंद्यासाठीच फरशी बसवतो, त्यात खासगी काय आहे हे मला आजवर पटलेलं नाही. पण कायदा तसा आहे आणि बिल त्याच्याच चौकटीत वाचायचं आहे.

मात्र या बंदीच्या पोटात एक बारीक वाट आहे. कायद्यात 'बांधकाम' या संज्ञेत पुनर्बांधणी, नूतनीकरण, भर घालणं, फेरबदल आणि दुरुस्तीही येते, पण ज्या मर्यादेपर्यंत तो खर्च भांडवली म्हणून मालमत्तेच्या किमतीत मिळवला असेल त्या मर्यादेपर्यंतच. म्हणजे हिशेबनीस टॅलीत तो खर्च कुठल्या खात्यावर टाकतो, याला इथे महत्त्व येतं. अर्थात खातं मनाला येईल तसं निवडता येत नाही. नवी भिंत उभी केली तर ती दुरुस्ती होत नाही.

आता तीन ओळी पुन्हा पाहू. सुटे रॅक आणि काउंटर हे फर्निचर. दुकान बदललं तर उचलून नेता येईल असा माल. त्यावरचा ३६ हजार कर ग्राह्य. फरशा, सीलिंग आणि आडभिंत हे स्थावराला जोडलेलं काम, खर्च भांडवली. त्यावरचे २७ हजार अडले. गोदामाची रंगरंगोटी ही जुन्या जागेची देखभाल, खर्च दुरुस्ती खात्यावर पडतो. तिथले ९ हजार ग्राह्य. म्हणजे ७२ पैकी ४५ हजार पुढे सरकले आणि २७ हजार थांबले. थांबलेले २७ हजार वाया जात नाहीत. ते दीड लाखांत मिसळून त्या कामाची किंमत १ लाख ७७ हजार होते आणि त्यावर आयकरात घसारा मिळतो. पण जिथे वजावट घेतली त्या कराच्या रकमेवर घसारा मागता येत नाही. रॅकवरचे ३६ हजार एकदाच, एकाच जागी.

बिल कसं लिहायचं, हेही यातच येतं. ठेकेदाराने तीन ओळींऐवजी 'इंटिरियर काम, एकूण ४ लाख' असं एका ओळीत लिहिलं असतं तर? सगळं मिळून एकच बांधकामाचं कंत्राट आहे असा अर्थ लावायला अधिकाऱ्याला जागा मिळते आणि रॅकवरचा करही वादात सापडतो. म्हणून काम ठरवतानाच दरपत्रकात फर्निचर, बांधकाम आणि देखभाल वेगळी लिहून घ्यावी. काम संपल्यावर आकडे वाटून द्या म्हणणं मात्र चुकीचं. सुटा रॅक सुटाच असला पाहिजे. भिंतीत चिणलेल्या कपाटाला कागदावर सुटं लिहून ते सुटं होत नाही.

इथे बरेच सल्लागार थांबतात. पण काकांचं दुकान पुस्तकांचं आहे आणि गुंता इथेच आहे.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. वह्यांवर १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. पेनं, दप्तरं, फायली यांवर कर आहे. ज्या मालावर काका कर गोळाच करत नाहीत, त्या विक्रीसाठी वापरलेल्या गोष्टींवरची वजावट त्यांना मिळत नाही. आणि रॅक तर दोन्ही मालांसाठी वापरले जातात, एका खणात पाठ्यपुस्तकं, दुसऱ्यात दप्तरं. मग कायदा म्हणतो, एकूण विक्रीत करमुक्त विक्रीचा वाटा किती, त्या प्रमाणात वजावट सोडा.

समजा काकांच्या विक्रीत पुस्तकं आणि वह्या मिळून ४० टक्के आहेत. गोदामाच्या रंगाचे ९ हजार हा चालू खर्च. त्यातले ४० टक्के, म्हणजे ३,६०० त्याच महिन्यात परत करायचे आणि वर्षअखेर पूर्ण वर्षाच्या प्रमाणावर पुन्हा हिशेब करायचा. उरले ५,४००. रॅकचं गणित वेगळं, कारण ती भांडवली वस्तू, वर्षानुवर्षं वापरली जाणारी. तिथे आधी पूर्ण ३६ हजार खात्यात घ्यायचे, मग ते पाच वर्षांत, म्हणजे ६० महिन्यांत वाटायचे. महिन्याला ६०० रुपये आले. दर महिन्याला त्या महिन्याचं करमुक्त विक्रीचं प्रमाण लावून तेवढा भाग परत करायचा. ४० टक्के असेल तर २४० रुपये. पाच वर्षं हेच प्रमाण राहिलं तर १४,४०० परत गेले आणि २१,६०० काकांकडे राहिले. जूनमध्ये शाळा सुरू होताना पुस्तकं-वह्यांची विक्री वाढते, तेव्हा २४० चे ४०० होतील, दिवाळीत उतरतील. आकडा लहान आहे, पण साठ महिने विसरायचा नाही. हेच लोक विसरतात आणि पाच वर्षांनी नोटीस येते तेव्हा व्याजासकट आठवतं.

वह्यांवरचा कर गेला तेव्हा स्टेशनरीच्या दुकानदारांना ग्राहकांसारखाच आनंद झाला. पण ज्याच्या विक्रीत वह्यांचा वाटा मोठा, त्याचं करमुक्त विक्रीचं प्रमाण एका रात्रीत वाढलं आणि दुकानाच्या भाड्यापासून रॅकपर्यंत सामायिक खर्चांवरची वजावट तेवढीच आकसली.

सगळं मिळून ७२ हजारांचे तीन तुकडे झाले. २७ हजार सुरुवातीलाच अडले. १८ हजार करमुक्त विक्रीपोटी हळूहळू परत जातील. २७ हजार काकांच्या उपयोगाला आले. विवरणपत्रात हे दाखवायचीही ठरलेली जागा आहे. २०२२ पासून पद्धत अशी की टू-बीतली पूर्ण रक्कम आधी घ्यायची आणि अडलेला व परत करायचा भाग खालच्या रकान्यात उलटवून दाखवायचा. काही जण थेट निव्वळ आकडा टाकतात. मग टू-बी आणि विवरणपत्र जुळत नाही आणि विनाकारण पत्रव्यवहार सुरू होतो.

वजावट घेतल्यावरही दोन गोष्टी मागे लागू शकतात. ठेकेदाराला बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पूर्ण पैसे द्यावे लागतात. कामाची हमी म्हणून दहा टक्के वर्षभर अडकवून ठेवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. तेवढ्या थकीत रकमेच्या प्रमाणात वजावट व्याजासह परत करावी लागते. पैसे दिल्यावर ती पुन्हा घेता येते, व्याज मात्र गेलं ते गेलं. दुसरी गोष्ट काकांच्या हातात अजिबात नाही. ठेकेदाराने विक्री पोर्टलवर चढवली, पण कर भरण्याचं विवरणपत्रच भरलं नाही आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत ते भरलं गेलं नाही, तर काकांना ३० नोव्हेंबरपर्यंत वजावट परत करावी लागते. पैसे पूर्ण चुकते केलेल्या माणसाकडूनच कर पुन्हा मागितला जातो. प्रामाणिक खरेदीदारावर हा अन्याय आहे, असं व्यापारी वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

वजावट घ्यायलाही मुदत आहे. बिल ज्या आर्थिक वर्षातलं, त्यापुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तोपर्यंत. नोव्हेंबर २०२५ चं बिल असेल तर ३० नोव्हेंबर २०२६ ही शेवटची तारीख.

एक आडमार्गाची गोष्ट इथेच सांगतो, कारण ती फर्निचर पाहायला किंवा खरेदीला गोव्याला जाणाऱ्या प्रत्येकाला भेटते. पणजीत हॉटेलात राहिलात, बिलावर सांगलीच्या दुकानाचा जीएसटी क्रमांक टाकून घेतलात, तरी त्या करातलं काही मिळत नाही. खोली जिथे आहे तिथलाच कर लागतो, केंद्राचा आणि गोवा राज्याचा. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्याला तो वळता करता येत नाही. क्रमांक अचूक आणि बिल पक्कं असूनही.

आता काकांचा शेवटचा प्रश्न, जो बहुतेक वेळा पहिला असायला हवा होता. दुसरा ठेकेदार म्हणत होता, "काका, माझ्याकडे जीएसटी लागत नाही, सगळं काम ४ लाख ४० हजारांत करून देतो." तो कंपोझिशन योजनेतला असू शकतो. सेवा देणाऱ्यांना वार्षिक ५० लाखांच्या उलाढालीपर्यंत ही योजना मिळते आणि ते सहा टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतात. त्यांना बिलावर कर लावता येत नाही, आपण कर गोळा करण्यास पात्र नाही असं त्यावर लिहावंही लागतं. त्या बिलावर वजावटीचा प्रश्नच येत नाही.

स्वस्त कोण? दुकान फक्त करपात्र माल विकणारं असतं, तर पहिल्या ठेकेदाराच्या ४ लाख ७२ हजारांतून ४५ हजार वळते होऊन खरा खर्च ४ लाख २७ हजार आला असता आणि दुसरा १३ हजारांनी महाग पडला असता. पण काकांना पदरात २७ हजारच पडतात. त्यांचा खरा खर्च ४ लाख ४५ हजार, तोही पाच वर्षं महिन्याला गणित मांडून. त्यांच्यासाठी दुसरा ठेकेदार ५ हजारांनी स्वस्त होता. आणि शेजारच्या दुकानात फक्त पाठ्यपुस्तकं विकली जात असतील, तर त्याला ७२ हजारांतला एक पैसाही वळता होत नाही, त्याच्यासाठी फरक ३२ हजारांचा.